मेटोप्रोलॉल चालू असताना चालण्याचा वेग कसा ठरवायचा

प्रश्न: वय ५८. दहा आठवड्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, एक स्टेंट बसवला. मेटोप्रोलॉल सकाळ-संध्याकाळ चालू आहे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. मुलाने घड्याळ आणून दिलं आणि एक तक्ता दाखवला. त्यात माझ्या वयाला ११३ ते १३८ ठोके हवेत म्हणतात. मी धापा टाकत चाललो तरी घड्याळ ९८ च्या वर जात नाही. वेग अजून वाढवू का? नाहीतर व्यायामाचा उपयोगच होणार नाही ना?

उत्तर:

वेग वाढवू नका. उद्यापासून थोडा कमीच करा. तुमच्या प्रश्नात मला ९८ या आकड्यापेक्षा 'धापा टाकत' हे दोन शब्द जास्त खटकले. दहाव्या आठवड्यात धाप लागेपर्यंत चालायचं नसतं, घड्याळ काहीही म्हणो.

मी हृदयविकारानंतरच्या पुनर्वसनात फिजिओथेरपिस्ट म्हणून १९ वर्षं काम करते आहे. हा प्रश्न दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच, आणि बहुतेक वेळा घरच्या कोणीतरी प्रेमाने आणून दिलेलं घड्याळ हातात असतं. म्हणून आधी तक्त्याचं काय ते सांगते, मग त्याच्या जागी काय वापरायचं ते.

तक्त्यातले आकडे २२० वजा वय या सूत्रावरून काढलेले आहेत. तुमच्यासाठी २२० वजा ५८ म्हणजे १६२, आणि त्याचे ७० ते ८५ टक्के म्हणजे ११३ ते १३८. हे सूत्र १९७० च्या सुमारास हॅस्केल आणि फॉक्स या अमेरिकन संशोधकांनी मांडलं, तेही आधी छापून आलेल्या निरनिराळ्या अभ्यासांतले आकडे एकत्र करून त्यातून ओढलेल्या एका ढोबळ रेषेवरून. निरोगी माणसांतसुद्धा खरे कमाल ठोके या रेषेच्या दहा-बारा वर किंवा खाली सहज असतात, काहींचे तर वीसने चुकतात. आणि तुम्ही त्या रेषेवर उभेच नाही, कारण तुम्ही मेटोप्रोलॉल घेता.

ही गोळी काय करते ते समजलं की ९८ चं कोडं सुटतं. श्रम वाढले की शरीर ॲड्रेनालिन सोडतं आणि हृदयाला 'जोरात चल' असा निरोप जातो. मेटोप्रोलॉल हे बीटा ब्लॉकर प्रकारचं औषध आहे, आणि हृदयातल्या ज्या जागी हा निरोप पोचतो ती जागा बीटा ब्लॉकर अडवून धरतं. ठोके विश्रांतीतही कमी होतात आणि कमाल श्रमातही, साधारण वीस-तीसने, काहींचे त्याहून जास्त. तुमचं हृदय सध्या कदाचित १२०-१२५ च्या पुढे जाऊच शकणार नाही. मग ११३ हा मध्यम व्यायामाचा आकडा राहत नाही, तो तुमच्या छताला जवळजवळ टेकलेला असतो. तिथे पोचायला तुम्हाला जवळपास पळावं लागेल.

शिवाय ही गोळी दिवसभर सारखी वागत नाही. गोळी घेण्याआधी केलेल्या फेरीत ठोके जास्त दिसतात, घेतल्यावर दोन तासांनी तीच फेरी त्याच वेगाने केली तर कमी. एखादी गोळी चुकली की आणखी वेगळे. डॉक्टरांनी डोस बदलला की सगळं पुन्हा हललं. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांसाठी वेगळी सूत्रंही निघाली आहेत, पण डोस, वेळ आणि माणूस यांतला फरक त्यांनाही पकडता येत नाही. आयव्हाब्रॅडिन, डिल्टियाझेम, व्हेरापामिल या गोळ्याही ठोके खाली आणतात. आणि ज्यांना एट्रियल फिब्रिलेशन आहे, म्हणजे ज्यांची नाडी मुळातच बेताल चालते, त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाने दाखवलेला आकडा तर मी बघतही नाही.

श्वासाचं तसं नाही. स्नायूंना किती काम पडतंय याची खबर श्वासाला वेगळ्या वाटेने लागते, आणि बीटा ब्लॉकर ती वाट अडवत नाही. हलक्या चालीत स्नायू आलेल्या ऑक्सिजनवर निवांत काम करतात. वेग वाढवत गेलं की एक टप्पा असा येतो की रक्तात लॅक्टेट साठू लागतं. त्याच्यासोबत येणारं आम्ल रक्तातलं बायकार्बोनेट शमवतं, आणि त्या प्रक्रियेत जादा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो बाहेर टाकायला श्वास एकदम भराभर होऊ लागतो. बोलण्यासाठी मात्र लांब, सावकाश सोडलेला उच्छ्वास लागतो, कारण आपण बोलतो ते बाहेर जाणाऱ्या हवेवर. म्हणजे त्या टप्प्यावर शरीराला छोटे भराभर श्वास हवे असतात आणि वाक्याला एक लांब श्वास हवा असतो. दोन्ही एकाच वेळी जमत नाही, आणि वाक्य तुटतं. टॉक टेस्ट म्हणतात ती एवढीच. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस शाखेतल्या कार्ल फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे, स्थिर हृदयरुग्णांवरसुद्धा. त्यांना दिसलं ते असं, की आरामात बोलता येणं आणि न येणं यांच्या मधली धूसर जागा साधारण या श्वास बदलण्याच्या टप्प्यावरच पडते. सुरक्षित आणि उपयोगी चालणं त्या जागेच्या अलीकडे असतं.

आता ती करायची कशी. इथे लोक चुकतात, आणि सुरुवातीची काही वर्षं मीही चुकत होते. रुग्ण ट्रेडमिलवर असताना मी विचारायचे, "काय, ठीक आहे ना?" आणि उत्तर यायचं, "ठीक." एवढा एक शब्द माणूस कितीही दमलेला असला तरी काढू शकतो. एकदा असंच 'ठीक' म्हणालेल्या एका गृहस्थांचे ओठ मला पांढरे दिसले आणि मी पट्टा थांबवला. बसल्यावर त्यांना दोन मिनिटं वाक्य जुळवता आलं नाही. त्या दिवसापासून मी हो-नाही उत्तराचा प्रश्न विचारणं सोडलं.

तुम्हाला तीसेक शब्दांचा मजकूर तोंडपाठ हवा. गद्य असेल तर बरं, कारण कविता किंवा प्रार्थना म्हणताना आपण ठरलेल्या जागी श्वास घेतो आणि लय आपल्याला ओढून नेते. मी रुग्णांना हा देते:

"आज मी सावकाश चालायला निघालो आहे. दहा मिनिटं अंग मोकळं केलं, आता पायांना गती आली आहे. माझा श्वास वाढला आहे, पण मला हे वाक्य मध्ये न थांबता, घाई न करता, शेवटपर्यंत बोलता येतं आहे."

आधी घरी खुर्चीत बसून नेहमीच्या आवाजात म्हणा आणि श्वास कुठे घेता ते बघा. बहुतेक जण पूर्णविरामावर घेतात, फार तर एखाद्या स्वल्पविरामावर. मग चालताना म्हणा. हलक्या चालीत श्वास त्याच जागी राहतो. जोर थोडा वाढला की तो प्रत्येक स्वल्पविरामावर लागतो, वाक्य मात्र सलग ऐकू येतं. हीच तुमची जागा. आणखी जोर वाढला की श्वास विरामचिन्हांची वाट बघत नाही. 'शेवटपर्यंत' म्हणून झालं, मध्ये हवा ओढली, मग 'बोलता येतं आहे'. मराठीत क्रियापद शेवटी येतं म्हणून हे ऐकायला फार सोपं आहे: क्रियापदाच्या आधी श्वास घ्यावा लागला की समजायचं, आपण काठावर आलो. शब्दाच्या मध्येच श्वास तुटला तर काठ ओलांडला आहे.

काठावरची खूण ही की स्वतःला विचारलं, "आरामात बोलता येतंय का?" तर उत्तर "हो, पण..." असं येतं. त्या 'पण'ला मी 'नाही' धरते. तुमच्यासारख्या, अटॅकला तीन महिने न झालेल्या माणसाने स्पष्ट 'हो'च्या आतच राहावं. दुसरीकडे, चालता चालता गाणं म्हणता येत असेल तर वेग फार कमी आहे, थोडा वाढवायला जागा आहे.

वेळेचंही बघा. श्वासाला श्रमापर्यंत पोचायला दोन-तीन मिनिटं लागतात. चाल वाढवली आणि अर्ध्या मिनिटात बोलून पाहिलं तर सगळं छान वाटतं, कारण श्वास अजून मागे आहे. एका वेगाने निदान तीन ते पाच मिनिटं चाला, मगच मजकूर म्हणा. याच कारणाने जिना आणि छोटा चढ यांत ही चाचणी फसवते: चढताना बोलता येतं आणि वर पोचल्यावर धाप लागते. चढावर आधीच वेग कमी करायचा, दम लागण्याची वाट बघायची नाही. बरोबर चालणारा सोबती सतत बोलणारा असेल तर तुमची चाचणी होतच नाही, तुम्ही फक्त हुंकार देत असता. त्याला थांबवून तुम्ही बोला.

टॉक टेस्टच्या जोडीला दुसरं साधन ठेवा. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांनी १९६० च्या दशकात श्रम किती जाणवतात याची एक मोजपट्टी तयार केली, ६ ते २० अशी. सुरुवात ६ पासून का, याचं उत्तर गमतीचं आहे. आकड्याला दहाने गुणलं की निरोगी तरुण माणसाचे ठोके साधारण यावेत अशी त्यांची मांडणी होती, ६ म्हणजे ६०, २० म्हणजे २००. तुमच्या बाबतीत हा गुणाकार लागू होत नाही, बीटा ब्लॉकरने तो मोडला आहे. पण पट्टी मोडलेली नाही. ६ म्हणजे खुर्चीत बसल्यासारखं, ९ म्हणजे अगदी हलकं, ११ म्हणजे हलकं, १३ म्हणजे जरा जड पण चालू ठेवता येईल असं, १५ म्हणजे जड, १७ म्हणजे खूप जड, आणि २० म्हणजे याच्या पुढे एक पाऊलही नाही. पुनर्वसनात आम्ही साधारण ११ ते १३-१४ मध्ये काम करतो. तुम्ही सध्या ११-१२ धरा. तुमचं 'धापा टाकत' माझ्या अंदाजाने १५-१६ वर असणार.

आकडा देताना छातीचा आणि पायांचा हिशेब वेगळा करा. बीटा ब्लॉकरवर असलेल्या पुष्कळ लोकांचे पाय लवकर भरून येतात, पोटऱ्या जड होतात, आणि श्वास मात्र निवांत असतो. अशा वेळी नुसता '१४' म्हटलं तर मला काहीच कळत नाही. 'श्वास ११, पाय १४' म्हटलं की कळतं. वेग ठरवताना दोन्हींतला जो मोठा असेल तो पाळायचा. चालताना एकाच पोटरीत दरवेळी ठरावीक अंतरावर गोळा येत असेल आणि थांबल्यावर जात असेल तर ते डॉक्टरांना सांगा, पायाची रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते.

आणखी एक गोष्ट मी वारंवार बघते. आकडा विचारला की माणूस, विशेषतः चारचौघांत, दोनने कमी सांगतो. पलीकडच्या पट्ट्यावरचा ११ म्हणाला तर आपण १४ कसं म्हणायचं! म्हणून मी दोन्ही साधनं एकत्र वापरते. कोणी ११ सांगितलं आणि क्रियापदाच्या आधी श्वास घेतला, तर मी श्वासावर विश्वास ठेवते. वाक्य सलग आलं आणि आकडा १५ सांगितला, तर मात्र आकडा खरा मानते आणि थांबून विचारते की जड काय वाटतंय. कधी ती भीती असते. कधी छातीत काहीतरी आवळल्यासारखं होत असतं आणि माणूस त्याला 'दुखणं' म्हणायला तयार नसतो.

तुमची उद्याची फेरी मी अशी ठरवेन. पहिली १० मिनिटं अगदी सावकाश, आकडा ९-१०. हा वेळ कापू नका, कारण थंड हृदयावर एकदम जोर पडला की छातीत कळ येण्याची आणि ठोके बिघडण्याची शक्यता वाढते. रक्तवाहिन्यांना मोकळं व्हायला वेळ लागतो. मग १० ते १५ मिनिटं तुमच्या जागेवर, आकडा ११-१२, पाचव्या मिनिटाला एकदा मजकूर आणि संपायच्या आधी एकदा. मग १० मिनिटं पुन्हा हळूहळू कमी करत. शेवटी एकदम थांबू नका. चालताना पोटऱ्या पायांतलं रक्त वर ढकलत असतात. पाय थांबले की ते रक्त खालीच राहतं, त्यात रक्तदाब कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतात, आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. माझ्या अनुभवात लोकांना चालण्यापेक्षा चालून झाल्यानंतरच्या दोन मिनिटांत जास्त चक्कर येते. लगेच गरम पाण्याने अंघोळही नको. पुढच्या आठवड्यात मधल्या भागात फक्त मिनिटं वाढवा, पाचाच्या आत. मधला भाग ३० मिनिटं होईपर्यंत वेगाला हात लावू नका. नंतर वेग आपोआप वाढतो. १२ वर राहूनच तुम्ही जास्त अंतर कापू लागता, आणि प्रगती ती हीच.

आता एका बाईंची गोष्ट सविस्तर सांगते, कारण या दोन साधनांचा सगळ्यात मोठा उपयोग वेग ठरवण्यात नाही, असं मला त्यांच्यामुळे पटलं.

बाई ६३ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. स्टेंट बसवलेला, कार्व्हेडिलॉल हे बीटा ब्लॉकर चालू, सोबत ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. आमच्याकडे ६० मीटरच्या फेऱ्यांची मार्गिका आहे. पहिल्या आठवड्यात त्या १० मिनिटांत ८ फेऱ्या मारायच्या, आकडा ११, मजकूर सलग. सहाव्या आठवड्यात १० मिनिटांत ११ फेऱ्या, आकडा १२, मजकूर सलग. फेऱ्या संपल्यावर नाडी ८४ ते ८८. शिक्षिका असल्यामुळे त्यांची वही बघण्यासारखी होती: तारीख, फेऱ्या, श्वासाचा आकडा, पायांचा आकडा, आणि शेवटच्या रकान्यात 'श्वास कुठे घेतला' तो शब्द.

सातव्या आठवड्यात सोमवारी ११ फेऱ्यांना आकडा १३ आला. त्या म्हणाल्या, झोप नीट झाली नव्हती. बुधवारी १४, आणि शेवटच्या रकान्यात 'शेवटपर्यंत' हा शब्द. शुक्रवारी ९ फेऱ्यांतच १५, आणि वाक्य दोनदा तुटलं. नाडी ९०. म्हणजे घड्याळावर चालणाऱ्याला काहीच बदललेलं दिसलं नसतं, २ ठोक्यांनी कोण घाबरतं? छातीत दुखत नव्हतं. रक्तदाब नेहमीपेक्षा किंचित कमी. इसीजी आधीसारखाच.

मी त्यांना बसवलं आणि आठवड्यात काय काय वेगळं झालं ते विचारलं. गुडघा दुखत होता म्हणून घरात पडलेली वेदनाशामक गोळी त्या आठ दिवस घेत होत्या, कोणाला न विचारता. मग मी शौचाचा रंग विचारला. त्या जरा संकोचल्या आणि म्हणाल्या, चार-पाच दिवस काळीकुट्ट होते आहे, लोहाच्या गोळीने होत असेल असं वाटलं. लोहाची गोळी तर त्यांना चालूच नव्हती, ती त्यांच्या बहिणीला होती. त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन १२.४ होतं ते ८.१ वर आलेलं. पोटात अल्सर होता आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांवर वेदनाशामकाची भर पडल्याने त्यातून रक्त जात होतं. रक्त कमी झालं की एरवी हृदय भराभर धडधडून भरपाई करतं आणि नाडी आपल्याला सावध करते. कार्व्हेडिलॉलने ती खूण बऱ्याच अंशी दाबून टाकली होती. श्वासाने दाबून घेतलं नाही.

उपचार डॉक्टरांनी केले. स्टेंटच्या गोळ्यांचं काय करायचं तेही त्यांनीच ठरवलं, आणि हे मुद्दाम लिहिते, कारण असं काही झालं तर त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणं स्टेंटसाठी फार धोक्याचं असतं. तीन आठवड्यांनी बाई परत आल्या तेव्हा आम्ही ७ फेऱ्यांपासून सुरू केलं, कारण त्या दिवशी त्यांच्या ११ ला तेवढ्याच बसत होत्या.

आकडा वाढला याचं कारण त्यांच्या बाबतीत रक्तस्राव निघालं. दुसऱ्या कोणाचा स्टेंट पुन्हा अरुंद होत असतो, कोणाचं हृदय कमजोर पडून शरीर पाणी धरू लागलेलं असतं, कोणाला एट्रियल फिब्रिलेशन सुरू झालेलं असतं, आणि कोणाला फक्त ताप येणार असतो. कारण शोधणं या चाचणीचं काम नाही. ती सांगते ते एवढंच, की तेच काम आज शरीराला महाग पडलं. म्हणून माझा नियम असा: नेहमीची फेरी, नेहमीचा वेग, आणि आकडा लागोपाठ दोन दिवस नेहमीपेक्षा २ किंवा जास्तने वर, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा. सोबत दोन-तीन दिवसांत वजन २ किलोने वाढलं असेल, पावलं सुजली असतील किंवा रात्री आडवं झाल्यावर दम लागत असेल तर त्याच दिवशी. एकाच दिवशी आकडा वर गेला तर आधी साधी कारणं बघा, म्हणजे ऊन, दमट हवा, भरल्या पोटी चालणं, अपुरी झोप. अशा दिवशी आकडा तोच ठेवायचा आणि वेग कमी करायचा.

आता या चाचण्या जिथे तोकड्या पडतात त्या जागा. सगळ्यात महत्त्वाची ही: छातीत जड वाटणं, आवळणं, जबड्यात, खांद्यात किंवा डाव्या हातात कळ जाणं, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी, ठोके अचानक बेताल वाटणं यांतलं काहीही झालं तर बोलता येतंय की नाही हे बघायचंच नाही. थांबायचं, बसायचं. जिभेखालची नायट्रोग्लिसरीन डॉक्टरांनी दिली असेल तर ती बसूनच घ्यायची. पाच मिनिटांत बरं वाटलं नाही किंवा त्रास वाढत गेला तर रुग्णवाहिका बोलवायची, स्वतः गाडी चालवत जायचं नाही. लैंगिक क्षमतेसाठीची सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली असेल तर नायट्रोग्लिसरीन चालत नाही, रक्तदाब धोकादायक खाली जातो. हे लोक लाजेने सांगत नाहीत, म्हणून न विचारता लिहिलं.

मधुमेह बरीच वर्षं असेल तर हृदयाला रक्त कमी पडूनही दुखत नाही, असं होऊ शकतं. अशांना नुसता दम लागतो, किंवा विनाकारण गळून गेल्यासारखं होतं. त्यांच्यासाठी श्वासाचा अचानक वाढलेला आकडा हीच छातीतली कळ समजायची. ज्यांना फुप्फुसाचा जुना आजार आहे त्यांचं वाक्य हृदयावर जोर पडायच्या खूप आधी तुटतं. त्यांच्या बाबतीत बसून म्हटलेल्या मजकुराशी तुलना करावी लागते, आणि ते सुरुवातीला जाणकार माणसासमोर करावं.

वजन उचलण्याच्या व्यायामाला टॉक टेस्ट चालत नाही. दहा वेळा उचलून संपतंसुद्धा, श्वासाला तिथे पोचायला वेळच मिळत नाही. तिथे बोर्गचा आकडा वापरायचा, ११ ते १३, आणि उचलताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब क्षणात उसळतो. एक-दोन-तीन मोठ्याने मोजत उचललं की श्वास कोंडताच येत नाही, एवढी युक्ती पुरते. तुम्ही मात्र वजनांना हात लावण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि दोन जणांनी ठोक्यांचा आकडा सोडायचा नाही. ज्यांच्या छातीत आयसीडी, म्हणजे झटका देणारं यंत्र बसवलं आहे, त्यांचे ठोके एका ठरावीक आकड्याच्या वर गेले की यंत्र त्याला धोका समजू शकतं. त्या आकड्याच्या निदान १० खाली राहावं लागतं, मग कितीही आरामात बोलता येवो. तो आकडा यंत्र तपासणाऱ्या डॉक्टरांकडून लिहून घ्यायचा. दुसरे ते, ज्यांच्या ट्रेडमिल टेस्टमध्ये अमुक ठोक्यांना इसीजी बदलला किंवा छातीत दुखलं. त्यांनाही त्या आकड्याच्या निदान १० खाली राहायचं असतं. ही मर्यादा त्यांच्याच शरीरावर मोजलेली आहे, तक्त्यातून आलेली नाही, म्हणून ती पाळायची. फक्त टेस्टच्या दिवशी बीटा ब्लॉकर घेतलेलं होतं की बंद ठेवलेलं, हे विचारा. बंद ठेवून केलेल्या टेस्टमधला आकडा आज गोळी चालू असताना जसाच्या तसा लागू होत नाही.

घड्याळ परत करू नका. मुलाला वाईट वाटेल, आणि मिनिटं मोजायला ते उत्तम आहे. ठोक्यांचा पडदा बंद करून ठेवा. चालून आल्यावर वहीत चार गोष्टी लिहा: किती मिनिटं, श्वासाचा आकडा, पायांचा आकडा, आणि श्वास कोणत्या शब्दावर घेतला. पुढच्या तपासणीला ती वही घेऊन जा आणि डॉक्टरांना एवढं विचारा: माझी ट्रेडमिल टेस्ट कधी करायची, आणि ती गोळी घेऊन करायची का?